डायलिसिसच्या सुट्या कागदांतून सलग नोंद: वजन, काढलेले पाणी, रक्तदाब आणि फिस्टुला

प्रश्न: आमचे अप्पा दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. डाव्या हाताला, डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आहे. प्रत्येक वेळचा कागद ठेवला आहे, काहींचे मोबाइलवर फोटो आहेत, पण सगळे एका पिशवीत पडून आहेत. डॉक्टर विचारतात, वजन किती वाढतं, बीपी कधी पडतो, हाताचा काही त्रास आहे का, तेव्हा नीट सांगता येत नाही. या कागदांवरून एक सलग नोंद कशी करावी? (परभणी जिल्हा)

उत्तर:

दीड वर्षाचे सगळे कागद एकदम उतरवायला घेऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांपासून सुरुवात करा. आठवड्याला दोन याप्रमाणे ते साधारण सव्वीस कागद होतात आणि डॉक्टरांचा आजचा निर्णय बहुतेक त्यांवरच ठरतो. त्याआधीच्या कागदांतून फक्त घटना वेचून वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा: फिस्टुलाची शस्त्रक्रिया कधी झाली, मानेतला कॅथेटर कधी घातला आणि कधी काढला, रुग्णालयात कधी दाखल केले, ड्राय वेट, म्हणजे अंगातले जादा पाणी निघाल्यावरचे वजन, कधी आणि किती बदलले. एवढे जुने पुरेसे आहे.

कागद तारखेप्रमाणे लावताना प्रत्येक तारखेचा वार बघा. घाईत तारीख चुकीची पडते आणि वार जुळला नाही की ती चूक लगेच सापडते. एखाद्या शुक्रवारचा कागद मिळाला नाही तर ती ओळ गाळू नका. तारीख लिहून पुढे स्पष्ट नोंद करा, 'डायलिसिस झाले, कागद नाही' किंवा 'डायलिसिस झालेच नाही'. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. एक पाळी चुकली असेल तर पुढच्या वेळची पाच किलोंची वाढ सात दिवसांची असते, आणि ते माहीत नसेल तर वाचणाऱ्याला वाटते की रुग्णाने पथ्य सोडले. खात्री नसेल तर केंद्रातल्या हजेरीच्या रजिस्टरमध्ये बघून घ्या. योजनेतून डायलिसिस होत असेल तर प्रत्येक पाळीची नोंद तिथे असतेच.

आता ओळीत काय लिहायचे ते पाहू. कागदावर वीस-पंचवीस रकाने असतात, ते सगळे उतरवण्याची गरज नाही. एका पाळीची एक ओळ करा आणि तिच्यात तारीख, मागच्या पाळीपासूनचे दिवस, आधीचे वजन, नंतरचे वजन, प्रत्यक्ष काढलेले पाणी, किती तास मशीन चालले, रक्तदाब तीन वेळचा आणि फिस्टुलाविषयी दोन-तीन गोष्टी एवढेच घ्या. लांब फुलस्केप वही आडवी धरून आखली तरी चालते, संगणकावर केले तरी चालते. कागदावरच्या आकड्यांपेक्षा दोन कागद शेजारी ठेवल्यावर निघणारे आकडे जास्त बोलतात, आणि सलग नोंदीचा खरा उपयोग तोच आहे. 'आज आधीचे वजन ५७.६' यातून फारसे काही कळत नाही. मागच्या वेळी जाताना वजन ५४.२ होते हे शेजारी आले की चार दिवसांत ३.४ किलो वाढले हे कळते. दुकानाच्या खात्यात मागील बाकी पुढे ओढतात, तसे मागच्या पाळीचे नंतरचे वजन प्रत्येक वेळी पुढच्या ओळीत ओढायचे.

दिवसांचा रकाना आवर्जून ठेवा. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस असतात आणि शुक्रवार ते मंगळवार चार. मंगळवारची वाढ शुक्रवारच्या वाढीपेक्षा जास्त असणारच. म्हणून मंगळवारची तुलना मंगळवारशी करा. आपल्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तहान आवरत नाही आणि माठातले पाणी मोजून प्यायचे राहून जाते. तेव्हा उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली वाढ एकाच मापाने तोलू नका, पण दोन्ही लिहा मात्र नक्की.

वजनाच्या नोंदीत सर्वांत मोठा घोटाळा होतो तो काट्याचा आणि कपड्यांचा. हिवाळ्यात स्वेटर आणि शाल अंगावर ठेवून आधीचे वजन केले आणि मशीनवर असताना शाल काढून ठेवली, तर नंतरचे वजन तेवढ्याने कमी येते आणि जास्त पाणी निघाल्याचा भास होतो. चप्पल, खिशातला मोबाइल, डब्याची पिशवी यांचेही तेच. म्हणून आधी आणि नंतर त्याच कपड्यांत, चप्पल काढून, त्याच काट्यावर वजन करण्याचा आग्रह धरा. केंद्रात दोन काटे असतील किंवा एखादी पाळी दुसऱ्या गावच्या केंद्रात झाली असेल, तर ओळीत 'काटा' असा एक छोटा रकाना ठेवून त्यात अ किंवा ब लिहा. हा रकाना किती उपयोगी पडतो ते पुढे उदाहरणात दिसेल.

काढलेल्या पाण्याबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. कागदावर पाण्याचे दोन आकडे असतात. एक ठरवलेला, म्हणजे पाळी सुरू करताना मशीनला दिलेले लक्ष्य. दुसरा शेवटी मशीनने दाखवलेला, प्रत्यक्ष काढलेला. पाळी सुरळीत झाली तर दोन्ही सारखे असतात, पण मध्येच बीपी पडला, पायात गोळे आले, सिस्टरांनी पाणी काढणे थांबवले किंवा मशीन लवकर बंद केले, तर दुसरा आकडा कमी असतो. उतरवताना नजर पहिल्या आकड्यावर जाते, कारण तो वर, ठळक लिहिलेला असतो. नोंदीत दुसराच घ्यायचा.

तो बरोबर घेतला की नाही हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे आणि प्रत्येक ओळीला ती लावा. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो वजन. तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या वजनातली घट ही काढलेल्या पाण्याच्या जवळपास यायला हवी, पण बरोबर तेवढी नसते, थोडी कमी असते. शेवटी नळीतले रक्त परत देताना सुमारे २०० ते ३०० मिली सलाइन शरीरात जाते, आणि पाळीत रुग्णाने चहा घेतला किंवा काही खाल्ले तर तेही वजनात येते. म्हणून काढलेले पाणी आणि वजनातील घट यांत दोन-तीनशे ग्रॅमचा फरक स्वाभाविक समजावा. फरक त्यापेक्षा बराच जास्त असेल किंवा वजनातली घट काढलेल्या पाण्याहून जास्त असेल, तर ओळीला खूण करा आणि कारण शोधा. वर जादा सलाइन दिले होते का, आकडा ठरवलेल्या रकान्यातून उचलला का, वजन कपड्यांसह झाले का, असे एक-एक बघत जा.

त्याच ओळीत पाणी काढण्याचा वेग काढून ठेवावा. मिलीलिटरमधले पाणी भागिले तास, भागिले नंतरचे वजन. हा वेग ताशी प्रतिकिलो १३ मिलीच्या वर जातो तेव्हा बीपी पडणे, गोळे येणे आणि हृदयावर ताण येणे यांचा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. अप्पांसारख्या ५४ किलोंच्या माणसाला चार तासांत १३ च्या आत राहायचे असेल तर साधारण २.८ लिटरच काढता येते. आठवड्यातून दोनच पाळ्या असणाऱ्यांचा वेग मोठ्या खंडानंतर बहुतेकदा याच्या वर जातो, हे मी रोज पाहतो. त्यावर उपाय काय करायचा, तास वाढवायचे, तिसरी पाळी घ्यायची की वाढ कमी करायची, हे डॉक्टर ठरवतील. पण वेगाचा रकाना समोर असेल तर ती चर्चा नेमकी होते.

संगणकावर करत असाल तर आधीचे वजन B, नंतरचे वजन C, काढलेले पाणी D, तास E आणि काटा F या रकान्यांत ठेवून तिसऱ्या ओळीसाठी ही सूत्रे पुरतात. पहिले वाढीचे, दुसरे न जुळलेल्या फरकाचे आणि तिसरे वेगाचे:

```
=IF(OR(B3="",C2="",F3<>F2),"",B3-C2)
=IF(OR(B3="",C3="",D3=""),"",D3/1000-(B3-C3))
=IF(OR(C3="",D3="",E3=""),"",D3/E3/C3)
```

सुरुवातीचा `IF` मुद्दाम घातला आहे. वजन लिहिलेले नसेल तर रिकामी जागा शून्य धरली जाते आणि ५७ किलोंची वाढ छापली जाते. काटा बदलला असेल तरी वाढ काढू नये, म्हणून `F3<>F2` ही अट घातली आहे. वहीत करत असाल तर हाच नियम हाताने पाळा. दोन्हींपैकी एक वजन नसेल किंवा काटा वेगळा असेल तर वाढीच्या जागी रेघ मारा.

रक्तदाब तासातासाला मोजलेला असतो. तो सगळा उतरवला तर ओळ वाचता येत नाही. तीन आकडे घ्या: सुरुवातीचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. सर्वांत खालच्याजवळ तो कितव्या तासाला आला आणि तेव्हा काय केले ते लिहा. 'तिसरा तास, गोळे, पाय वर केले, सलाइन २०० मिली' एवढे दोन-चार शब्द असले की पुरे. वेळेला महत्त्व आहे. शेवटच्या तासाला, वजन ड्राय वेटजवळ आल्यावर बीपी पडत असेल तर पाणी जास्त वेगाने निघते आहे किंवा ड्राय वेट खाली ठेवले गेले आहे असा विचार होतो. पहिल्याच तासाला पडत असेल तर कारण वेगळे असू शकते. सकाळी घेतलेली बीपीची गोळी, हृदयाचा त्रास किंवा संसर्ग यांकडे डॉक्टर आधी बघतात. मध्ये जेवण झाल्यावर पडला असेल तर तेही लिहा, कारण पोटाकडे रक्त वळल्याने मशीनवर बीपी उतरतो. सकाळची गोळी घेतली होती की नाही याला एक टिक ठेवा. हे कागदावर कधीच नसते, म्हणून घरच्यांनीच भरायचे. बीपी फिस्टुलाच्या हातावर कधीही मोजू द्यायचा नाही, हे आपणास माहीत असेलच.

फिस्टुलाचा भाग सर्वांत अवघड आहे, कारण कागदावर त्याची नोंद सर्वांत तुटपुंजी असते. पुष्कळ ठिकाणी 'एव्हीएफ डावा', म्हणजे डाव्या हाताचा फिस्टुला, एवढेच लिहून सोडून देतात. जुने कागद उतरवताना रिकाम्या जागेचा अर्थ 'त्रास नव्हता' असा लावू नका. त्रास नव्हता असे कोणी लिहिले असेल तर 'नाही' लिहा, काहीच लिहिले नसेल तर 'नोंद नाही' लिहा. महिनाभराने कोणी विचारले की हाताचा त्रास कधी सुरू झाला, तर या दोन शब्दांतला फरकच उत्तर ठरवतो.

पुढच्या पाळ्यांसाठी मात्र चार गोष्टी तिथल्या तिथे लिहून घ्या. सुया पहिल्याच प्रयत्नात लागल्या का आणि कोणत्या जागी. रक्तगती, म्हणजे मिनिटाला किती मिली रक्त मशीनमधून फिरले, किती होती. व्हीनस प्रेशर किती होते. आणि सुया काढल्यावर रक्त थांबायला किती मिनिटे लागली. व्हीनस प्रेशर म्हणजे मशीनमधून रक्त शिरेत परत जाताना नळीत निर्माण होणारा दाब. पुढची शीर अरुंद होऊ लागली की हा दाब वाढतो. पण तो रक्तगतीवर आणि सुईच्या जाडीवरही अवलंबून असतो. गती वाढवली की दाब वाढतो आणि सुई बारीक लावली तरी वाढतो. म्हणून दाब कधीही एकटा लिहू नका, '२८० वर १२०' असा जोडीने लिहा आणि प्रत्येक पाळीतले पहिले, सुरू झाल्याबरोबरचे वाचन घ्या. चौथ्या तासाचे वाचन घेतले तर रक्त गाळणाऱ्या डायलायझरनंतरच्या कक्षात बसलेल्या गुठळीमुळेही दाब वाढलेला असू शकतो. सुईचा नंबर बदलला असेल तर तीही एक नोंद करा. एकाच पाळीतल्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही, अर्थ लागतो तो सलग चार-पाच पाळ्यांचा कल पाहून.

आता हे सगळे एकत्र कसे दिसते ते पाहू. खालचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण अशा ओळी मी विभागात वारंवार पाहतो. ड्राय वेट ५४.०, मंगळवार-शुक्रवार, प्रत्येकी चार तास. २८ मार्चच्या पाळीनंतरचे वजन ५४.२ होते.

| तारीख | आधी | नंतर | काढलेले पाणी (मिली) | सर्वांत खालचा बीपी | रक्तगती / व्हीनस प्रेशर |
|---|---|---|---|---|---|
| १ एप्रिल, मंगळ | ५७.४ | ५४.३ | ३४०० | १२०/७० | २८० / १२० |
| ४ एप्रिल, शुक्र | ५६.६ | ५४.२ | २६०० | १२४/७० | २८० / १३० |
| ८ एप्रिल, मंगळ | ५७.६ | ५४.९ | ३३०० | ८४/५० | २८० / १५० |
| ११ एप्रिल, शुक्र | ५९.३ | ५७.० | २६०० | ११६/७० | २५० / १६५ |
| १५ एप्रिल, मंगळ | ५७.९ | ५४.८ | ३३०० | ११०/६० | २५० / १८० |
| १८ एप्रिल, शुक्र | ५७.२ | ५४.८ | २६०० | ११८/७० | २५० / १९० |

पहिल्या दोन ओळी सरळ आहेत. मंगळवारी ३.२ किलो वाढ, शुक्रवारी २.३. पाणी आणि घट यांतला फरक अनुक्रमे ०.३ आणि ०.२, म्हणजे परत दिलेले सलाइन आणि चहा. वेग मात्र मंगळवारी १५.७ आणि शुक्रवारी १२. चार दिवसांच्या खंडानंतर मर्यादा ओलांडली जाते, हे इथेच दिसले.

८ एप्रिलच्या कागदावर वर ठरवलेले पाणी ३६०० लिहिलेले होते असे समजा. तो आकडा उतरवला असता तर घट २.७ आणि पाणी ३.६, म्हणजे ०.९ चा फरक राहिला असता आणि तो कशानेच भरून निघाला नसता. खाली शेरा बघितला तर तिसऱ्या तासाला बीपी ८४/५० वर उतरला, पायात गोळे आले, पाणी काढणे थोडा वेळ थांबवले आणि २०० मिली सलाइन दिले. शेवटी मशीनवर ३३०० होते. ३.३ वजा २.७ म्हणजे ०.६ उरतात. त्यात शेवटी परत दिलेले सुमारे २००, वर दिलेले २०० आणि उपमा व चहा यांचे उरलेले दोनेकशे. हिशेब जुळला. त्याचबरोबर हेही कळले की अप्पा त्या दिवशी ५४.९ वर घरी गेले, म्हणजे जवळजवळ एक किलो पाणी अंगात राहिले.

११ एप्रिलला आधीचे वजन ५९.३. मागच्या ५४.९ वरून तीन दिवसांत ४.४ किलो, एरवीच्या जवळपास दुप्पट. हा आकडा पाहून घरचे घाबरतात आणि रुग्णाला बोलतात. पण त्याच ओळीत घट २.३ आणि पाणी २.६ असे आहे, फरक ०.३, म्हणजे पाळीच्या आतला हिशेब बिनचूक. आतला हिशेब जुळतो आणि दोन पाळ्यांमधला मात्र अचानक तुटतो, तेव्हा आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही वजने सारखीच सरकलेली असतात, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे बदललेला काटा. दम लागणे, पायाला सूज असे काही नसेल तर हा संशय अधिक पक्का होतो. विचारल्यावर कळेल की त्या दिवशी नेहमीचा काटा दुरुस्तीला दिला होता आणि शेजारच्या विभागातला आणला होता. इथे दोन मोह होतात आणि दोन्ही टाळायचे. पहिला, ५७.० खोडून अंदाजाने ५५.० लिहिण्याचा. दुसरा, १५ एप्रिलची वाढ ५७.९ वजा ५७.० म्हणजे ०.९ अशी काढून समाधान मानण्याचा. ११ तारखेची वजने कागदावर आहेत तशीच ठेवा, काट्याच्या रकान्यात 'ब' लिहा, आणि ११ व १५ या दोन्ही तारखांच्या वाढीसमोर रेघ मारा. १८ तारखेला काटा पुन्हा 'अ' आहे आणि मागचे वजनही त्याच काट्यावरचे आहे, म्हणून तिथून वाढ पुन्हा २.४ अशी भरवशाची मिळते.

हा प्रश्न सुटण्याआधीच पाळी सुरू करायची असते, म्हणून एक सूचना. ५९.३ वजा ५४ असा हिशेब करून मशीनला पाच लिटरांपेक्षा जास्त लक्ष्य दिले गेले तर रुग्णाचे हाल होतील. वजनात नेहमीपेक्षा मोठी उडी दिसली तर सुया लावण्याआधीच सिस्टरांना किंवा टेक्निशियनला वही दाखवा आणि पुन्हा वजन करून घ्या.

१५ आणि १८ एप्रिलची नंतरची वजने ५४.८ आहेत. ८ तारखेनंतर पुन्हा ५४.२ वर येणे झालेलेच नाही. याच काळात सुरुवातीचा बीपी १५०/९० वरून १७०/१०० आणि १६६/९६ वर गेला असेल, तर अंगात राहिलेले पाणी हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून डॉक्टरांना दाखवा. मात्र उलटेही असू शकते. माणूस आजारपणात खात नसेल, मांस घटले असेल, तर खरे ड्राय वेट ५४ च्या खाली गेलेले असते आणि ५४ वर आणूनही पाणी शिल्लक राहते. भूक सुधारून अंग भरले असेल तर ५४ पर्यंत ओढताना गोळे येतात आणि बीपी पडतो. नोंद एवढेच दाखवते की ड्राय वेट पुन्हा तपासायला हवे. ते किती असावे हे रुग्णाला तपासूनच ठरते, वहीवरून नाही. घरी आकडा बदलू नका.

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. १२०, १३०, १५०, १६५, १८०, १९०. कोणत्याही एका कागदावर १६५ पाहून कोणी थांबले नसते, कारण मशीनचा अलार्म त्याहून वर लावलेला असतो. पण ११ तारखेपासून रक्तगती २८० वरून २५० वर आणली आहे आणि तरीही दाब चढतोच आहे. गती कमी केल्यावर दाब उतरायला हवा होता. त्यात भर म्हणून १५ तारखेला सुया काढल्यावर रक्त थांबायला वीस मिनिटांहून अधिक लागली, एरवी दहाच्या आत थांबते, आणि १८ तारखेला दुसऱ्या प्रयत्नात सुई लागली असे शेरे असतील, तर फिस्टुलाच्या पुढच्या शिरेत कुठेतरी अरुंदपणा आल्याची शंका घ्यायला पुरेसा आधार झाला. शिरेत दाब वाढल्यामुळेच सुईच्या छिद्रातून रक्त जास्त वेळ येते. डॉक्टर हात तपासतील, रंगीत डॉपलर सांगतील, गरज पडली तर अरुंद जागा फुग्याने रुंद करता येते. हे वेळेत झाले तर फिस्टुला वाचतो. उशीर झाला तर तो गुठळीने बंद पडतो आणि मानेत कॅथेटर घालावा लागतो.

या बाबतीत नोंदीची एक मर्यादा स्पष्ट सांगतो. रक्त आत आणणाऱ्या बाजूला अरुंदपणा असेल तर व्हीनस प्रेशर वाढत नाही. तिथे रक्त पुरेसे मिळत नाही, नळी ओढल्यासारखी होते आणि आर्टेरियल प्रेशर, म्हणजे फिस्टुलातून रक्त ओढताना नळीत येणारा दाब, जास्त उणे दिसते. तसे काही शेऱ्यात असेल तर तोही आकडा त्या ओळीपुरता लिहा. फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर लागते की नाही हे मात्र रोज सकाळी घरीच बघायचे. थरथर लागेनाशी झाली तर वही भरत बसू नका आणि पुढच्या पाळीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुईच्या जागी लालसर सूज, पू किंवा ताप आला, किंवा घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त थांबत नसेल, तरी हेच. रक्त येत असेल तर जागेवर बोटाने घट्ट दाबून धरूनच निघा. पुढे कधी कॅथेटर घालावा लागला तर त्या रकान्यात गती, नळ्या उलट्या जोडल्या का, कॅथेटर बाहेर येतो तिथली त्वचा कशी आहे आणि मशीनवर थंडी वाजली का, एवढे लिहा. कॅथेटर असताना डायलिसिसमध्ये हुडहुडी भरली तर लगेच सांगायचे, कारण ते रक्तातल्या संसर्गाचे लक्षण असू शकते.

डॉक्टरांकडे जाताना सगळी वही वाचून दाखवायची नसते. महिन्याच्या शेवटी त्या आठ-नऊ ओळींवरून एक पान काढा. त्यावर मंगळवारची आणि शुक्रवारची वाढ वेगवेगळी लिहा, बीपी किती वेळा ९० च्या खाली गेला आणि कितव्या तासाला ते लिहा, ड्राय वेटच्या वर किती वेळा घरी गेले ते लिहा, आणि रक्तगतीच्या जोडीने व्हीनस प्रेशरचे पहिले व शेवटचे आकडे लिहा. खूण केलेल्या ओळींचे मूळ कागद सोबत न्या. फोटो पाठवावे लागलेच तर कागदावरचा आधार किंवा योजनेच्या कार्डाचा क्रमांक झाकून पाठवा.

नांदेडला लग्नाला जायचे असेल आणि एक पाळी तिथल्या केंद्रात घ्यायची असेल, तर हेच पान घेऊन जा. त्यावर ड्राय वेट, फिस्टुला कोणत्या हाताला, नेहमीची सुई आणि रक्तगती, रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन किती आणि शेवटची दोन वजने काट्याच्या खुणेसह असली पाहिजेत. तिथून परत येताना त्यांच्या कागदाची प्रत मागून घ्या आणि त्या ओळीत काट्याला नवे अक्षर द्या.